सहा तास बावन्न मिनिटांवरची खुर्ची

पाक कास्मिन वारले त्याच्या नवव्या दिवशी त्यांच्या नावाचं पार्सल आलं. कुरियरवाल्यानं फाटकाशी मोपेड उभी करून हाक मारली. पैसे दारात द्यायचे होते. त्यांची बायको बू सुर्तिना आत तांदूळ निवडत होत्या. त्या उठल्या नाहीत. मेलेल्या माणसांच्या नावावर न मागवलेल्या वस्तू धाडून पैसे उकळायचा धंदा सेमारांग शहरात जोरात आहे, असा निरोप त्यांच्या प्रार्थनामंडळाच्या गटावर नुकताच आला होता. त्यांनी खिडकीतूनच सांगितलं की मागवणारा वर गेलाय, पैसे तिकडेच जाऊन माग. कुरियरवाला मोपेड वळवून निघून गेला. हे उत्तर त्याला आठवड्यातून दोनदा तरी मिळत असावं.

तीन महिन्यांनी नवऱ्याचा फोन उघडला तेव्हा बू सुर्तिनांना कळलं की पार्सल खरं होतं. खरेदीच्या ॲपमध्ये एकच ऑर्डर होती. वेताची डुलती खुर्ची. मागवल्याची तारीख पाक कास्मिन दवाखान्यात गेले त्याच्या पाच दिवस आधीची. खाली विकणाऱ्याला लिहिलेली एक ओळ होती: ‘मालक, नीट बांधून पाठवा, बायको बसणार आहे.’ आणि त्याखाली लाल अक्षरांत: ‘ग्राहकाने नाकारले.’

बावीस वर्षं पाक कास्मिन बायकोला डुलती खुर्ची आणणार होते. ते बसगाड्यांच्या आगारात मेकॅनिक होते आणि खुर्ची कायम पुढच्या पगाराला यायची. बू सुर्तिनांनी तिची वाट बघणं केव्हाच सोडलं होतं. पण आली होती म्हटल्यावर, आणि आपण तिला खिडकीतून वर पाठवलं म्हटल्यावर, त्यांनी तिची वाट नव्यानं बघायला सुरुवात केली, आणि या खेपेला त्यांना झोप येईना.

हे सगळं दानांगला ठाऊक होतं, कारण तो त्यांच्याकडे भाड्यानं राहत होता आणि बू सुर्तिना भाडेकरूंपासून काही लपवत नसत. सकाळी तोंडात ब्रश असलेल्या माणसाला अडवून त्या विचारत, की खुर्ची आत्ता कुठे असेल? दानांग सव्वीस वर्षांचा होता. ब्रशमुळे त्याला नुसती मान हलवता यायची, आणि त्याचा अर्थ त्या सोयीनं लावायच्या.

विकणाऱ्याचं दुकान ॲपवरून गायब झालं होतं. माप, वजन, वर्णन, सगळं त्याच्याबरोबर गेलं. ऑर्डरमध्ये उरला होता एक फोटो आणि किंमत, अठ्ठेचाळीस हजार पाचशे रुपिया. एवढ्यात दोन माणसांचं साधं जेवण होतं. दानांगला किंमत बघून शंका आली होती. पण बू सुर्तिना अभिमानानं म्हणाल्या होत्या की भाव पाडण्यात यांचा हात धरणारं आगारात कुणी नव्हतं.

बू सुर्तिना दोनदा दुचाकी टॅक्सीच्या मागे बसून कुरियरच्या गोदामावर जाऊन आल्या. तिथल्या माणसानं समजावलं की ज्या पार्सलांना ना घेणारा ना पाठवणारा, ती पोत्यात भरून किलोवर विकतात. त्या महिन्याची पोती जवळच्या उंगारान गावच्या एका माणसानं उचलली. तो एकेक पार्सल कॅमेऱ्यासमोर फोडतो आणि व्हिडिओ टाकतो. लोक बघतात. का बघतात ते गोदामवाल्याला माहीत नव्हतं, पण तोही बघायचा.

त्या माणसाला सगळे मास तेम्बेम, म्हणजे गुबरे दादा, म्हणत, कारण त्याचे गाल फुगीर होते. त्या पोत्यांचा व्हिडिओ नऊ तास एकेचाळीस मिनिटांचा होता. फोडण्याआधी तो प्रत्येक पार्सलावरचं नाव-पत्ता काळ्या जाड पेनानं खोडायचा, कुणाची अब्रू चव्हाट्यावर नको म्हणून. त्यामुळे नावानं शोधायची सोय नव्हती. बू सुर्तिनांनी स्वतः दोन तास दहा मिनिटं बघितलं. मग डोळा लागला. उठून बघतात तर व्हिडिओ भलत्याच कुणाच्या स्वयंपाकावर गेलेला. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून.

“पुढे ढकलत बघा की,” दानांग म्हणाला.

“तो दर पार्सलाला बिस्मिल्ला म्हणतो रे. मधेच तोडणं बरं दिसतं का?”

शेवटी एका शुक्रवारी त्या दानांगच्या दाराशी उभ्या राहिल्या. हातात चहा होता, म्हणजे काम होतं. “तुझ्या हापिसात यंत्र आहे ना, व्हिडिओत वस्तू शोधणारं?”

होतं. दानांगची कंपनीच त्यावर चालायची. पार्सल फोडण्याचे तासन् तास चालणारे व्हिडिओ तिथे यायचे, दुकानदार आपल्या वस्तूचा फोटो द्यायचे, आणि ती वस्तू नेमक्या ज्या सेकंदाला दिसते तिथे ‘विकत घ्या’चं बटण लावलं जायचं. सेकंद यंत्र शोधायचं. ते बरोबर की चूक हे दानांग सांगायचा. दिवसातून नऊशे वेळा ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणं ही त्याची नोकरी होती, म्हणून घरी तो सहसा ‘बघू’ म्हणायचा.

“बघू,” तो म्हणाला.

“मला परत नकोय ती. घेतली असेल कुणी, बसत असेल, बसू दे.” त्यांनी चहा खिडकीत ठेवला. “फक्त बघायचीय. यांनी माझ्यासाठी काय निवडलं होतं ते.”

यावर ‘बघू’ म्हणता येईना.

शनिवारी दुपारी ऑफिसचं यंत्र रिकामं असायचं. शोधाचा हा सगळा कारखाना कंपनीतल्या ज्या मबाक, म्हणजे ताई, रिरिहनं बांधला होता, तिनं दानांगला परवानगी दिली आणि स्वतःही येऊन बसली. मदत करायला आले असं ती म्हणाली नाही. यंत्राशी कुणी वेडंवाकडं बोललेलं तिला खपत नसे, एवढंच.

पद्धत साधी होती. यंत्र व्हिडिओतून दर सेकंदाला एक चित्र उचलायचं. नऊ तास एकेचाळीस मिनिटांची झाली पस्तीस हजारांच्या आतबाहेर. प्रत्येक चित्राची ते आकड्यांची एक लांबलचक माळ करायचं. दुकानदाराच्या फोटोचीही तशीच माळ. मग ज्या माळा एकमेकींच्या जवळ जातील, ती चित्रं दिसायला सारखी. सगळ्यांत जवळची सगळ्यांत वर.

दानांगनं ऑर्डरमधला फोटो जसाच्या तसा टाकला. फोटो देखणा होता. लाकडी जमिनीवर खुर्ची, शेजारी कुंडीत हिरवं झाड, मागे खिडकीतून ऊन. यंत्रानं विचार केला आणि पहिला निकाल दिला: लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या चटईची गुंडाळी. दुसरा: प्लॅस्टिकचं झाड. तिसरा: पडदे. फोटोतलं सगळं त्यानं इमानदारीनं शोधलं होतं, खुर्ची सोडून.

“तू त्याला अख्खी खोली दिलीस,” रिरिह म्हणाली. “त्यानं खोली शोधली. खुर्ची कापून दे.”

कापून दिली. या वेळी यंत्राला खुर्ची सापडली, आणि चांगली साडेनऊ तास सापडली. मास तेम्बेम स्वतः वेताच्या खुर्चीत बसून पार्सलं फोडत होता. तो लघवीला उठला की यंत्राचा विश्वास आणखी वाढायचा, कारण मग पाठ पूर्ण दिसायची.

रिरिहनं मास तेम्बेमला बसल्या जागी झाकून टाकला. फक्त टेबलाचा चौकोन ठेवला, आणि त्याचेही लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकाची वेगळी माळ केली, कारण मोठ्या चित्रात लहानशी वस्तू हरवते. वीस मिनिटांनी चाळीस जागांची यादी आली.

पहिल्या क्रमांकावर सहा तास बावन्न मिनिटं होती. गुण बाकीच्यांपेक्षा बरेच वर. चित्रात एक जाडजूड तळहात, त्यावर बोटभर उंचीचं काहीतरी. दानांगनं मोठं करून बघितलं. बाहुलीच्या घरातली खेळण्यातली खुर्ची होती. ‘नाही’ दाबलं. दुसऱ्यावर वेताची परडी, नाही. तिसऱ्यावर कागदी रुमालांचा डबा, नाही. सातव्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यावर डुलत्या खुर्चीचं चित्र छापलेलं होतं आणि दानांग जागेवरून उठलाच. मास तेम्बेमनं खोकं उघडलं. आत छत्री निघाली. नाही.

चाळीस वेळा ‘नाही’ म्हणून झाल्यावर त्याला सुचलं की एवढी मोठी खुर्ची अख्खी कशी येईल, सुटे भाग येणार. म्हणून त्यानं खुर्चीचा नुसता वाकलेला पाय कापून शोधायला दिला. मिळाले: एक मासेमारीचा गळ, दोन झाडू, एक बासरी आणि म्हाताऱ्या माणसाची काठी. बासरीवर तो क्षणभर थबकला, कारण यंत्राचा तिच्यावर फार भरवसा होता.

संध्याकाळी त्यानं बू सुर्तिनांना सांगितलं की त्या व्हिडिओत खुर्ची नाही. त्या सोतोच्या रश्शाला फोडणी देत होत्या. फोडणी दिली, झाकण ठेवलं, गॅस बारीक केला.

“सगळं बघितलंस?”

“यंत्रानं बघितलं, बू. मी त्याचं बघितलं.”

“म्हणजे त्यानं काय काय दाखवलं आणि तू काय काय नको म्हणालास, ते आहे कुठे लिहिलेलं?”

आहे, म्हणाला.

“मग ते मला बघू दे. इथे मीही एकदा खिडकीतूनच नको म्हणाले होते.”

पुढच्या शनिवारी त्या ठेवणीतली बातिक नेसून ऑफिसात आल्या. डब्यात तळलेलं तेम्पे, आंबवलेल्या सोयाबीनच्या चकत्या, होतं, रिरिहसाठी वेगळ्या कागदात. रिरिहनं त्यांना आपली खुर्ची दिली, जे तिनं आजवर कंपनीच्या मालकालाही दिलं नव्हतं. दानांगनं नाकारलेल्यांची यादी उघडली. वाटलं होतं, दहाबारा बघतील, दमतील, एक उसासा टाकतील, आणि मग हे प्रकरण मिटेल.

त्या पहिल्यावरच थांबल्या. तो जाडजूड तळहात.

“ही,” त्या म्हणाल्या.

“ते खेळणं आहे, बू.”

“खुर्चीच्या हाताच्या मुठीपाशी वेताची वेटोळी मोज. दोन आहेत. फोटोत किती आहेत?”

दानांगनं फोटो शेजारी लावला. दोन होती. पाठीची वीण षटकोनी होती, दोन्हीकडे. पाठीच्या वरच्या कडेला डावीकडे एक काळसर गाठ होती, दोन्हीकडे. दानांग फोटोकडे बघत राहिला. मग त्याचं लक्ष कुंडीतल्या झाडाकडे गेलं. बारकाईनं बघितल्यावर ती कुंडी नव्हती. बाटलीचं झाकण होतं, वर शेवाळाचा चिमूटभर तुकडा. ‘लाकडी जमीन’ बहुधा खुर्ची ठेवलेली फळी होती.

“यंत्रानं पहिलीच दाखवली होती,” रिरिह हळू आवाजात म्हणाली. “त्याला आकार कळतो, माप नाही कळत. फोटोत कुणी शेजारी पट्टी धरली नव्हती. त्याला दोन्ही खुर्च्या सारख्याच.”

दानांगच्या डोक्यात मात्र पट्टी होती. बाईमाणूस बसेल एवढी खुर्ची शोधायची असं त्यानं ठरवून टाकलं होतं आणि खरी समोर आली तेव्हा ‘नाही’ दाबलं होतं. त्याला काहीतरी बोलायला हवं होतं. तेम्पे तोंडात होतं हे एका अर्थी बरं झालं.

बू सुर्तिनांनी ‘चालव’ अशी खूण केली.

पडद्यावर मास तेम्बेमनं पोत्यात हात घातला, नारळाएवढं तपकिरी पुडकं काढलं, काळ्या पेनानं पत्ता खोडला, बिस्मिल्ला म्हणाला. कात्री चालली. फुग्यांचं प्लॅस्टिक उलगडता उलगडेना, कारण विकणाऱ्यानं नीट बांधून पाठवलं होतं. मग तळहातावर खुर्ची आली. मास तेम्बेम तिच्याकडे बघत राहिला, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, “ही बहुतेक उंदराच्या सासूबाईंची.” त्यानं ती टेबलावर ठेवली आणि बोटानं एक हलका धक्का दिला. खुर्ची डुलली. पुढे मागे, पुढे मागे, हळूहळू कमी होत थांबली. मास तेम्बेमनं ती बाजूच्या टोपलीत टाकली आणि पुढचं पार्सल घेतलं.

बू सुर्तिनांनी पदरानं नाही, बातिकच्या टोकानं नाही, सरळ हाताच्या पालथ्या बाजूनं डोळे पुसले आणि मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. दानांगला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या.

“एकतीस वर्षं मला जाडी झालीस, जाडी झालीस म्हणून छळलं,” त्या म्हणाल्या, “आणि आणली तर ही.”

रिरिहही हसली. दानांगनं हसावं की नाही ते ठरवेपर्यंत हसणं संपलं होतं.

“चष्मा लावला नसणार,” बू सुर्तिना म्हणाल्या, आता कुणाशीच नाही. “फोनवर बोलायलासुद्धा चष्मा लागायचा त्यांना. माप लिहिलेलं असणारच खाली, बारीक. ते काय वाचतायत.” मग थोड्या वेळानं: “ते पाच दिवस ओसरीचा कोपरा रिकामा करत होते. पाण्याचा रांजण मागे नेला. माझी झाडं हलवली. मी भांडले त्यावरून. म्हटलं, माझ्या झाडांना हात कशाला लावता. तर नुसते हसायचे. दोरीनं कोपरा मोजत होते, बाई. मला वाटलं, रिकामटेकडा माणूस, आगार सुटलंय, करतोय काहीतरी.”

दानांगनं त्याच दिवशी मास तेम्बेमला फोन लावला. मास तेम्बेम फोनवर व्हिडिओपेक्षा बराच लाजाळू होता. टोपलीतल्या वस्तू तो उंगारानच्या बाजारात पाच पाच हजाराला ढिगानं विकतो, म्हणाला, खुर्ची केव्हाच गेली असणार. कुणी घेतली, देव जाणे. बाईंना माझा सलाम सांगा, उंदराचं बोललो ते मनावर घेऊ नका म्हणावं. दानांगनं बू सुर्तिनांना विचारलं, की बाजारात जाऊन चौकशी करू का, कुणीतरी फोटो टाकलेला असेल, यंत्राला लावता येईल.

“नको,” त्या म्हणाल्या. “सापडली तर मी तिचं काय करू? वर बसता येत नाही, टाकता येत नाही.” त्या पडद्याकडे बघत होत्या. व्हिडिओ तिथेच थांबलेला होता. “तुमचं यंत्र अगदी यांच्यासारखं आहे. लहानमोठं कळत नाही. आवडलं की घेतलं.”

रिरिहनं आयुष्यात पहिल्यांदा यंत्राची अशी तुलना खपवून घेतली.

मग बू सुर्तिनांनी विचारलं की ती नेमकी कुठे दिसायला लागते. दानांग म्हणाला, सहा तास बावन्न मिनिटं सोळा सेकंद. त्या म्हणाल्या, सोळाव्यात कुठे? तुम्हा लोकांचं कामच हे, नेमकं सांगायचं, मग नेमकं सांग.

एका सेकंदात तीस चित्रं होती. यंत्रानं सेकंदाला एकच उचललं होतं, म्हणून आतलं हातानं बघावं लागणार होतं. दानांगनं बाणाचं बटण दाबत एकेक चित्र पुढे नेलं. पहिलं: तपकिरी पुडकं, कागद फाटलेला, आत फुग्यांच्या प्लॅस्टिकचा पांढरट गोळा. दुसरं तेच. पाचवं, मास तेम्बेमचा अंगठा जरासा सरकला. नववं. दहावं. अकराव्या चित्रात प्लॅस्टिकच्या घडीतून वाकलेल्या पायाचं टोक बाहेर आलं, तांदळाच्या दाण्याएवढं.

“इथे,” दानांग म्हणाला. “अकरावं. इथून ती दिसते.”

“एक मागे घे.”

त्यानं घेतलं. दहावं चित्र. दोन जाड हात, मधे पुडकं, आत काय आहे ते अजून कळत नव्हतं.

बू सुर्तिना पडद्याकडे वाकल्या. त्यांनी बोटानं पडद्यावर पुडक्याच्या कडा पुसल्या, धूळ असल्यासारख्या.

“अकरावं नको,” त्या म्हणाल्या. “हे छापून दे. इथपर्यंत यांचं काही चुकलं नव्हतं.”

ऑफिसच्या प्रिंटरमध्ये रंगीत शाई नव्हती. दानांगनं तसं सांगितलं. चालेल म्हणाल्या. कागद गरम गरम बाहेर आला, करडा, एका बाजूला जरा तिरका. बू सुर्तिनांनी तो घडी न घालता तेम्पेच्या रिकाम्या डब्याखाली, पिशवीच्या तळाशी सपाट ठेवला. मग दुमडू नये म्हणून पिशवी दोन्ही हातांनी आडवी धरून, दुचाकी टॅक्सीवर मागे बसून, त्या घरी गेल्या.